लेण्यात एका वेळी किती माणसं सोडायची? नवख्यांसाठी धारणक्षमता काढायची पद्धत (अजिंठा, लेणं क्र. १ घेऊन)

मी पहिल्यांदा हे काम हातात घेतलं तेव्हा मला वाटलं होतं की एक सूत्र असेल, त्यात लेण्याचं क्षेत्रफळ टाकायचं आणि खालून माणसांचा आकडा निघेल. तसं सूत्र आहे पण. सिफुएन्तेस नावाच्या माणसाची पद्धत म्हणून ते सगळीकडे वापरतात, जागा भागिले माणशी जागा, गुणिले दिवसातल्या फेऱ्या, मग त्यातून पाऊस, ऊन, जमिनीची धूप असं काय काय टक्क्यांनी वजा करत जायचं. मोकळ्या पायवाटेला, अभयारण्याला ते बरं आहे. लेण्याला लावलं की फसतं, कारण लेणं म्हणजे नुसती फरशी नाही, ती जवळजवळ सगळ्या बाजूंनी बंद असलेली हवा आहे आणि भिंतीवर चिखलाचा गिलावा आहे. तर ज्यांना कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा एखाद्या आराखड्यासाठी हे करायचंय त्यांच्यासाठी मी जसं करते तसं लिहितेय.

उदाहरणाला अजिंठ्याचं लेणं क्र. १ घेतलंय, पद्मपाणी आणि वज्रपाणी आहेत ते. मधलं दालन साधारण ६४ फूट लांब-रुंद, २० खांब, चारी बाजूंनी साडेनऊ फुटांची पडवी आणि उंची साडेतेरा फुटांच्या आसपास. ही मापं जुन्या पुस्तकांत छापलेली आहेत. बाकीचे आकडे (हवा किती बदलते, माणूस किती वेळ थांबतो वगैरे) मी गणित समजावं म्हणून धरलेले आहेत, ते तिथले मोजलेले आकडे नाहीत, तेव्हा कुठे कॉपी पेस्ट करू नका.

## १. आधी ठरवा: आकडा कशाचा काढताय

"अजिंठ्याची क्षमता किती" हा प्रश्नच चुकीचा आहे. फर्दापूरच्या टी पॉइंटवर गाडी लावून शटल बसने वर येणारी गर्दी एक, वाघोरा नदीच्या वळणावरच्या त्या अरुंद वाटेवरची गर्दी दुसरी, आणि १ नंबरच्या आत श्वास घेणारी गर्दी तिसरी. नाजूक आहे ती तिसरी. सगळ्या परिसराला ५००० माणसं झेपली तरी त्यातली सगळी पहिल्या तासात १ नंबरमध्येच शिरतात, कारण वर आल्यावर तेच पहिलं लागतं. म्हणून लेणंनिहाय आकडा काढायचा, आणि चित्रांची लेणी (१, २, १६, १७) आधी घ्यायची.

## २. कागदपत्रं आणि सामान

परवानगीशिवाय आत साधा थर्मामीटरसुद्धा ठेवता येत नाही हे पहिल्यांदा समजून घ्या. केंद्र संरक्षित स्मारक असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयात अधीक्षण पुरातत्त्वविदांच्या नावे अर्ज, राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. अर्जाला हे जोडा:

- संस्थेचं पत्र आणि काम करणाऱ्यांची ओळखपत्रं
- उपकरणांची यादी, प्रत्येकाचं वजन-माप आणि ते कुठे ठेवणार त्याचा लेण्याच्या नकाशावर ठिपका
- "भिंतीला, खांबाला, गिलाव्याला काहीही चिकटवणार नाही, टेकवणार नाही" असं लेखी
- तारखा, आणि त्यात बंद दिवसाची वेगळी परवानगी (याचं कारण पुढे येतंय)

सामान फार नाही. तापमान आणि आर्द्रतेचे ४ डेटा लॉगर, कार्बन डायऑक्साइड मोजणारे २ लॉगर, लांबून भिंतीचं तापमान घेणारी इन्फ्रारेड गन, लेझर टेप, हातात दाबून माणसं मोजायचे २ क्लिकर, आणि वही. वही नक्की घ्या, सहल आली, लाइट गेली, बाहेर पाऊस सुरू झाला हे लॉगरला कळत नाही आणि घरी आल्यावर ग्राफमधला उंचवटा बघून आपण डोकं खाजवत बसतो.

लॉगर कुठे ठेवायचे यात मी स्वतः मार खाल्लाय. एका लेण्यात मी सगळे दाराजवळच्या खांबांशी ठेवले, कारण तिथे अटेंडंटचं लक्ष राहील, चोरीला जाणार नाहीत. दोन आठवड्यांनी काढले तर सगळा डेटा बाहेरच्या हवेचा. गर्भगृहाकडे हवा साचलेली असते तिथलं एक अक्षर नाही. तेव्हा एक बाहेर ओसरीत सावलीला, एक दालनाच्या मध्ये, दोन मागच्या भिंतीकडे (भिंतीपासून हातभर लांब, स्टँडवर, माणसाच्या तोंडासमोर येणार नाही असे). सीओटूचा एक मध्ये, एक मागे.

## ३. उभं राहायची खरी जागा मोजा

६४ फूट म्हणजे १९.५ मीटर. दालन ३८० चौरस मीटर झालं, माणशी १ चौरस मीटर धरलं तर ३८० माणसं मावतात, झालं काम! नाही. भिंतीपासून १ मीटर लांब राहायला हवं, पाठीवरची सॅक धरून माणूस वळला की ती किती मागे घासते ते एकदा उभं राहून बघा म्हणजे १ मीटर का ते पटेल. मग २.९ मीटरच्या पडवीतली १.९ मीटर उरते. चारी बाजू मिळून तो पट्टा साधारण ११८ चौरस मीटरचा होतो. मधला चौक आहेच, छत बघायला लोक तिथे मान वर करून उभे राहतात.

पण गर्दी पट्ट्यावर सारखी पसरत नाही हो. निम्मे लोक सरळ मागच्या भिंतीकडे जातात, डावीकडे पद्मपाणी, उजवीकडे वज्रपाणी. पद्मपाणीसमोर नीट दिसेल अशी जागा समजा ३ मीटर बाय २ मीटर. माणशी पाऊण चौरस मीटर दिलं तर ८ माणसं. एकेक जण २ मिनिटं थांबला तर तासाला २४० जण तिथून पुढे सरकतात. गाइड सोबत असेल तर तो ४ मिनिटं बोलतो, मग तासाला १२० च. म्हणजे दालन किती मोठं आहे याला अर्थ उरत नाही, सगळं त्या ६ चौरस मीटरवर अडतं. हा पहिला आकडा लिहून ठेवा: तासाला १२०.

## ४. माणसं मोजा, सरासरी नको

तिकीट खिडकीचा वर्षाचा आकडा घेऊन ३६५ ने भागणारे रिपोर्ट मी पाहिलेत. अजिंठा सोमवारी बंद असतं, ते ३६५ चूक आहे तिथूनच सुरुवात. आणि मंगळवारची रिकामी सकाळ आणि १५ ऑगस्टला जोडून आलेला शनिवार यांची सरासरी काढून काय मिळणार?

दारात दोघांनी बसायचं, एक आत जाणारे दाबतो, एक बाहेर येणारे. दर १५ मिनिटांनी वहीत लिहायचं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे त्या क्षणी आत किती. याशिवाय दिवसात ४०-५० लोकांची आत थांबायची वेळ घ्या (कपड्यांच्या रंगावरून लक्षात ठेवायचं, "लाल टोपी, आत ११:०४, बाहेर ११:१८").

या लेण्यांमध्ये एका वेळी ४० माणसं असं बंधन आहे. मी मोजायला बसले होते तिथले अटेंडंट काका म्हणाले, "ताई, पाटी पाटीच्या जागी. शाळेच्या दोन बशी एकदम उतरल्या की पोरांना उन्हात ठेवू का मी?" हे रिपोर्टमध्ये लिहा. नियम आणि दारावरचा माणूस यांच्यातलं अंतर हेच बऱ्याचदा खरं उत्तर असतं, आणि तो माणूस एकटा असतो.

## ५. हवा किती वेळात बदलते ते काढा

हा भाग लोक घाबरून सोडतात पण खरं तर सगळ्यात सोपा आहे. माणसं सीओटू सोडतात, संध्याकाळी लेणं बंद झालं की तो हळूहळू खाली येतो. किती वेगाने खाली येतो त्यावरून तासाला लेण्यातली किती हवा बदलते ते कळतं.

```
n = ln((C0 - Cb) / (Ct - Cb)) / t
N = (Cmax - Cb) / 1000000 * n * V / G
```

`Cb` बाहेरच्या हवेतला सीओटू, ४२० पीपीएम धरा. समजा शेवटचा माणूस बाहेर पडला तेव्हा आत १३०० होता (`C0`) आणि २ तासांनी ७४० (`Ct`). ८८० भागिले ३२० म्हणजे २.७५, त्याचा नैसर्गिक लॉग साधारण १, भागिले २ तास, `n` आला ०.५. तासाला निम्मी हवा बदलते.

आता खालची ओळ. `V` म्हणजे दालनाचं घनफळ, १९.५ × १९.५ × ४.१ = सुमारे १५६० घनमीटर. `G` म्हणजे एक माणूस तासाला सोडतो तो सीओटू, ०.०१८ घनमीटर (१८ लिटर). वरची मर्यादा `Cmax` १५०० पीपीएम घेऊ, चीनमधल्या मोगाओ लेण्यांच्या अभ्यासात हीच घेतली होती. उत्तर येतं ४६ माणसं, सतत आत असली तर.

दोन सापळे. पहिला, संध्याकाळी दारं लावून घेतली तर `n` कमी येतो, दिवसा दारं उघडी असतात तेव्हा जास्त असतो. लेणं १ ला मधला दरवाजा, बाजूचे दरवाजे, खिडक्या आहेत, म्हणून दुपारी लेणं थोडा वेळ रिकामं करता आलं तर तेव्हाचीही उतरण घ्या. दुसरा, सकाळी ११ चं रीडिंग बघून "अजून खूप जागा आहे" म्हणू नका. `n` ०.५ असेल तर पहिल्या २ तासांत सीओटू त्याच्या शेवटच्या पातळीच्या ६३ टक्केच चढतो, खरा आकडा दुपारी ३ नंतर दिसतो.

आणि एक, बेसॉल्टच्या लेण्यात सीओटू दगडाला खात नाही. चुनखडीच्या गुहेत खातो, फ्रान्समधली लास्कोची चित्रगुहा १९६३ मध्ये बंद करावी लागली त्यामागे माणसांच्या श्वासाचा मोठा हात होता. आपल्याकडे तो फक्त सांगतो की हवा किती कोंडलीय. खरा त्रास पुढे आहे.

## ६. ओलावा: इथे आकडा कोसळतो

अजिंठ्याची चित्रं दगडावर नाहीत. दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, गवताचे धागे, वर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. माती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते. शेणाने सारवलेली जुनी भिंत पावसाळ्यानंतर कशी पोपडे धरते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

स्वस्थ उभा असलेला माणूस तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी वाफेने सोडतो (चढून घामाघूम आलेला यापेक्षा बरंच जास्त). ४० माणसं म्हणजे तासाला २ किलो पाणी, दोन मोठ्या बाटल्या हवेत ओतल्यासारख्या. तासाला बदलणारी हवा ७८० घनमीटर, तेव्हा दर घनमीटरमागे २.६ ग्रॅम वाढ.

डिसेंबर समजा. हवा २५ अंश, आर्द्रता ६० टक्के. या तापमानाला हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम मावतं, आहे १३.८, त्यात २.६ घातले की १६.४, म्हणजे ७१ टक्के. चांगलं नाही, पण भिंतीवर दव नाही पडणार.

आता ऑगस्ट. हवा २६ अंश, आर्द्रता ८५ टक्के, म्हणजे दर घनमीटरला २०.७ ग्रॅम आधीच आहे. आतली भिंत समजा २४ अंशाला आहे, कातळ हळू तापतो. २४ अंशाला हवेत २१.८ ग्रॅमच मावतं. म्हणजे दव पडायला फक्त १.१ ग्रॅमची जागा शिल्लक, आणि आपण २.६ घालतोय. जास्तीचं पाणी भिंतीवर जाणार. उलटं गणित करा: १.१ × ७८० ÷ ५० = १७ माणसं. थोडी सूट ठेवली तर १५. शिवाय पावसाळ्यात आतबाहेरचं तापमान जवळजवळ सारखं असल्याने हवा कमी खेळते, `n` ०.३ झाला तर आकडा १० वर येतो. म्हणून `n` त्या ऋतूत परत मोजायचाच, डिसेंबरचा ऑगस्टला लावायचा नाही.

आणि धबधबे बघायला माणसं नेमकी ऑगस्टमध्ये लोटतात, वर ओले रेनकोट घालून. भिजलेल्या रेनकोटवरचं पाणी बाहेरच राहिलं पाहिजे, ओसरीत अडकवायला दांडी करा, यात क्षमता काढण्याइतकंच भिंतीचं भलं आहे.

मोगाओचा ६२ टक्के आर्द्रतेचा आकडा लोक इकडे जसाच्या तसा लावतात ते मात्र करू नका. तो तिथल्या भिंतीतल्या क्षारांवरून काढलाय, त्याच्या वर गेलं की ते क्षार हवेतलं पाणी ओढून विरघळतात. आपल्याकडे पावसाळ्यात रिकाम्या लेण्यातसुद्धा ६२ च्या वर असणार, मग क्षमता शून्य म्हणायची का?

## ७. सोमवारचा ग्राफ

बंद दिवसाची परवानगी का मागायची ते आता. सोमवारी आत माणूस नाही, तरी लेणं श्वास घेतं, बाहेरच्या हवेबरोबर आतली आर्द्रता वरखाली होते. रविवारच्या रेषेतून सोमवारची रेषा वजा केली की माणसांचा वाटा उरतो. दोन्ही दिवशी बाहेरचं हवामान सारखं हवं, म्हणून ओसरीतला लॉगर, आणि असे निदान तीन-चार रविवार-सोमवार हवेत. साफसफाई किंवा पाहुण्यांसाठी सोमवारी लेणं उघडलं होतं का ते रजिस्टरवरून विचारून घ्या. (वेरूळ मंगळवारी बंद, घारापुरी सोमवारी.)

या ग्राफमध्ये एक गोष्ट बघायला शिका. गणिताने आर्द्रता ११ टक्के वाढायला हवी होती आणि लॉगरला ५ च दिसली तर मी सुरुवातीला खूश झाले होते. सरांनी विचारलं, "बाकीचं पाणी कुठे गेलं?" ते गिलाव्यात गेलं होतं. ओळखायची खूण ही की संध्याकाळी सीओटू ४-५ तासांत बाहेरच्याजवळ येतो पण आर्द्रता रात्रभर वरच रेंगाळते, कारण भिंत घेतलेलं पाणी हळूहळू परत सोडत असते. रोज प्यायचं, रोज सोडायचं, यातच पोपडा सुटतो. अशी रेंगाळणारी शेपटी दिसली तर काढलेला आकडा आणखी खाली आणा, वर नाही.

## ८. आता दिवसाचा आकडा

सगळे आकडे शेजारी ठेवा आणि सगळ्यात लहान घ्या. सरासरी काढायची नाही, गुणाकार करायचा नाही.

कोरड्या ऋतूत हवेचा ४६, नियमाचा ४०, म्हणून ४०. आत १५ मिनिटं आणि आतबाहेर व्हायला ३, अशी १८ मिनिटांची फेरी, तासाला १३३ माणसं. पण पद्मपाणीसमोर तासाला १२० च सरकतात, म्हणून १२०. आठ तासांचे ९६०.

पावसाळ्यात १५ माणसं, तासाला ५०, दिवसाला ४००.

इथे थांबलात तर शेवटच्या सापळ्यात पडलात. दिवसाला ९६० तिकिटं विकली म्हणून ती तासाला १२० अशी येत नाहीत. क्लिकरच्या वहीत बघा, समजा दिवसाची २५ टक्के गर्दी ११ ते १२ या एका तासात आली, तर त्या तासाला १२० च्या वर जाऊ नये म्हणून दिवसाची मर्यादा १२० ÷ ०.२५ = ४८० होते. पावसाळ्यात २००. वेळेचे स्लॉट पाडले, म्हणजे तिकिटावरच तास छापला, तर ९६० आणि ४०० पर्यंत जाता येतं. म्हणजे स्लॉट पाडले की भिंतीला जराही जास्त त्रास न देता दुप्पट लोकांना लेणं दाखवता येतं, आणि अधिकाऱ्यांना पटवायला याच्याइतकं चांगलं वाक्य दुसरं नाही, मी वापरून बघितलंय.

## ९. रिपोर्टमध्ये काय द्यायचं

एक आकडा देऊ नका. महिन्यांचा तक्ता द्या, प्रत्येक महिन्यापुढे एका वेळी किती, तासाला किती, आणि तो आकडा कशामुळे अडला (जागा, हवा की ओलावा). मे, ऑगस्ट आणि डिसेंबर अशा तीन वेळा किमान दोन-दोन आठवडे मोजलं तरच हा तक्ता भरता येतो, एकाच मोसमात मोजून वर्षाचा आकडा देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

तक्त्याखाली धरलेल्या गोष्टी लिहा: दारं उघडी होती का, भिंतीचं तापमान कोणत्या वेळी घेतलं (सकाळी उघडायच्या आधी घ्या, तेव्हा भिंत सगळ्यात गार असते, आणि गन रंगावर नाही, शेजारच्या उघड्या कातळावर रोखा), `n` किती वेळा मोजला आणि त्यात फरक किती पडला. दार बदललं, पडदा लावला, पंखा बसवला, दिवे बदलले की `n` बदलतो आणि तक्ता रद्द होतो, हेही ठळक लिहा.

शेवटी त्या तक्त्यातली फक्त चालू महिन्याची ओळ मोठ्या अक्षरात कागदावर छापून दारावरच्या काकांना द्या, आणि सोबत एक क्लिकर.